भावाचा चेहरा, बहिणीचं पोर्ट्रेट

आमच्या नाटकात माझा एक नट मित्र एकटाच जुळ्या भाऊ-बहिणीच्या दोन्ही भूमिका करणार होता आणि पोस्टरवर ती दोघं शेजारी शेजारी हवी होती. विग लावून, मेकअप करून त्याचाच फोटो काढणं सोपं होतं. पण दिग्दर्शिकेचं म्हणणं असं, की बहिणीची मान, खांदे, केसांची मुळं हे सगळं खरोखरच्या बाईचं दिसलं पाहिजे आणि चेहरा मात्र निःसंशय त्याचाच वाटला पाहिजे. नाटकातल्याच एका अभिनेत्रीचं स्टुडिओत काढलेलं छान पोर्ट्रेट माझ्याकडे होतं. तिची आणि त्याची, दोघांची परवानगी आधी घेतली. पोस्टरच्या कोपऱ्यात ‘छायाचित्र संयोजित’ असं छापायचंही ठरलं. मग फोटोशॉप उघडलं.

चेहरा बदलण्याचं काम निम्मं कॅमेऱ्यातच होतं. मित्राचे मोबाइलवर काढलेले पुष्कळ फोटो हाताशी होते, पण त्यातला एकही मी वापरला नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं, कान मागे पडतात आणि गाल लवकर वळतात. हा फरक अंतरामुळे येतो, त्यामुळे नंतर कितीही ताणलं-दाबलं तरी तो जात नाही. अभिनेत्रीचं पोर्ट्रेट 85 मिमीच्या लेन्सनं साधारण दोन मीटरवरून काढलेलं होतं. मित्राचाही फोटो त्याच लेन्सनं, तेवढ्याच अंतरावरून काढला. तिच्या डोळ्यांच्या बुबुळांत चमकेचा चौकोन वर डावीकडे होता, म्हणजे प्रकाश मऊ करणारा सॉफ्टबॉक्स कुठे ठेवला होता ते कळत होतं. तोही तसाच लावला. तिचा फोटो लॅपटॉपवर उघडून कॅमेऱ्याशेजारी ठेवला आणि मित्राला सांगितलं, “तिच्याकडे बघ आणि तशीच मान कर. हनुवटी थोडी खाली, ओठ मिटलेले, आणि हसू नकोस.” दाढी त्यानं त्याच सकाळी दोनदा केली होती, केस घट्ट मागे बांधले होते.

तिचा फोटो खालच्या लेअरवर, त्याचा वर. वरचा लेअर आधी Smart Object करून घेतला, म्हणजे लहान-मोठा करताना मूळ तपशील शाबूत राहतो. ऑपॅसिटी 50 टक्के केली आणि Ctrl+T घेऊन जुळवणी सुरू केली. आधी दोन्ही बुबुळं बुबुळांवर आणली आणि तेवढ्यापुरता कोन फिरवला. डोळे जुळले की खरी अडचण समोर येते. पुरुषाच्या चेहऱ्याचा खालचा भाग बहुधा लांब असतो, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधलं अंतरही जास्त असतं. इथे त्याचे ओठ तिच्या ओठांच्या बरेच खाली येत होते आणि त्याची हनुवटी तिच्या हनुवटीबाहेर डोकावत होती. अशा वेळी फोटो उभा दाबून बसवायचा मोह होतो. तसं केलं की डोळे आडवे ताणल्यासारखे दिसतात, नाक फुगतं आणि माणूस ओळखू येईनासा होतो. म्हणून डोळ्यांच्या मापाला हात लावला नाही. ओठांतला फरक दोघांत वाटून टाकला: Liquify मध्ये मोठ्या ब्रशनं त्याचं तोंड अगदी थोडं वर सरकवलं आणि तिची हनुवटी थोडी खाली ओढली. जबड्याची रेषा मात्र तिचीच ठेवली. चेहरा बाईचा की पुरुषाचा हे ठरवण्यात जबड्याचा वाटा मोठा असतो, आणि तिची मान, मानेवरची सावली, कानातलं हे सगळं त्या रेषेला धरूनच फोटोत बसलेलं होतं.

वरच्या फोटोचा किती भाग दिसू द्यायचा हे मास्क ठरवतो. त्याची कड कुठून न्यायची, हा निर्णय सावकाश घेतला. कपाळाचा वरचा भाग, केसांची रेषा, कानशिलं आणि जबडा तिचा. भुवया, डोळे, नाक, गालांचा मधला भाग आणि ओठ त्याचे. कड नेहमी अशा ठिकाणाहून न्यायची जिथे चेहऱ्याचं वळण किंवा प्रकाश बदलतो, उदाहरणार्थ गाल जिथे कानाकडे वळून सावलीत जातो ती जागा. गालाच्या सपाट, उजळ भागातून नेलेली कड कितीही मऊ केली तरी डोळा ती शोधतो. मऊपणालाही मर्यादा आहे. मास्क फार रुंद विरघळवला तर त्या पट्ट्यात दोघांच्या त्वचेची रंध्रं एकमेकांवर अर्धी अर्धी दिसतात, आणि तो भाग फोकस गेल्यासारखा वाटतो. कपाळावर मी मोठा मऊ ब्रश वापरला, जबड्याजवळ छोटा.

इथवर पोचल्यावर समोर जे होतं ते दिसायला विचित्र होतं: बाईच्या केसांत बसवलेला पुरुष. त्यात सर्वांत आधी खटकत होत्या भुवया.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे मास्क थोडा खाली आणून तिच्याच भुवया ठेवायच्या. करून पाहिलं. दोन गोष्टी बिघडतात. पहिली, त्याच्या भुवईचं हाड पुढे आलेलं आहे आणि त्याची सावली डोळ्यावर पडते. तिची भुवई त्या हाडाच्या वर बसते, त्यामुळे खाली सावली आणि वर भुवई अशा जणू दोन भुवया दिसू लागतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: तो ओळखूच येईना. भुवया हा ओळखीचा भाग आहे हे संशोधनातही दिसलंय. जाविद सद्र, इझ्झत जरुदी आणि पवन सिन्हा यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ओळखीच्या चेहऱ्यांच्या फोटोंतून कधी डोळे, तर कधी भुवया पुसून लोकांना दाखवल्या होत्या. डोळे नसताना ओळख जितकी अवघड झाली, त्याहून ती भुवया नसताना जास्त अवघड झाली. त्याचा चेहरा म्हणून पोस्टर करायचं आणि भुवया दुसऱ्याच्या लावायच्या, याला अर्थ नव्हता.

म्हणून त्याच्याच भुवया ठेवून, ब्यूटी पार्लरमध्ये जे करतात तेच पडद्यावर केलं. त्याची भुवई रुंद, जवळजवळ सरळ आणि डोळ्याला टेकलेली होती. काढायचे केस खालच्या बाजूचे. वरची कड कोरत बसलं तर भुवई आणखी खाली आल्यासारखी दिसते. नवीन रिकाम्या लेअरवर Clone Stamp घेतला, Sample मध्ये Current & Below ठेवलं आणि पापणीच्या वरच्या स्वच्छ त्वचेतून नमुना घेत खालची कड थोडी थोडी झाकत गेलो. भुवईच्या केसांशी अगदी चिकटून Healing Brush चालवला तर तो केसांचा काळेपणा आत ओढून घेतो आणि राखाडी डाग पडतो. म्हणून कडेला क्लोन, आणि कडेपासून थोडं लांब हीलिंग, असा क्रम ठेवला.

नाकाजवळची भुवईची सुरुवात जशीच्या तशी ठेवली. तिथे त्याचे दोन-चार केस उभे वाढतात, आणि ओळख तिथेच बसलेली आहे. बाहेरच्या बाजूला मात्र शेपूट बारीक केलं. उंचवटा बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या थोडा पलीकडे आणला. त्यासाठी Liquify मधला Forward Warp ब्रश भुवईपेक्षा दुपटीनं मोठा घेतला, Pressure कमी ठेवला आणि भुवई खालून वर ढकलली. ब्रश लहान असेल तर केस वाकडेतिकडे होतात आणि भुवई लाटेसारखी दिसते. पापणी आणि भुवई यांमध्ये थोडी मोकळी जागा तयार झाली आणि चेहऱ्यातला राकटपणा निम्म्यानं उतरला. जिथे केस विरळ वाटले तिथे दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशनं, टोकाकडे निमुळते होणारे केस एकेक करून काढले. रंग भुवईतूनच उचलला. शुद्ध काळा घेतला असता तर ते चिकटवल्यासारखे दिसले असते.

राहिली हाडाची सावली. 50 टक्के राखाडी भरलेला लेअर Soft Light वर ठेवून भुवईच्या खाली, आतल्या कोपऱ्यात अगदी हलक्या हातानं उजळलं आणि भुवईच्या वर कपाळावर जिथे हाडाची चमक होती तिथे किंचित गडद केलं. उंच भागाची चमक कमी आणि त्याखालची सावली कमी, म्हणजे हाड मागे गेल्यासारखं वाटतं. पूर्ण सपाट केलं नाही. तसं केलं तर डोळे चेहऱ्यावर छापल्यासारखे दिसतात.

आता त्वचा. इथे एक गोष्ट माहीत असली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं, की स्त्रियांच्या चेहऱ्यात डोळे-ओठ आणि भोवतालची त्वचा यांतला गडद-उजळपणाचा फरक पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि मेकअप नेमका तोच फरक वाढवतो. एकाच स्त्री-पुरुष न ठरणाऱ्या चेहऱ्यात हा फरक वाढवला तर तो बाईचा वाटतो आणि कमी केला तर पुरुषाचा. म्हणजे त्वचा नुसती गोरी करून किंवा नुसती गुळगुळीत करून काम होत नाही. त्वचा आणि डोळे-ओठ यांच्यातलं नातं बदलायचं असतं. हे डोक्यात ठेवलं की त्वचा उजळवण्याचा अतिरेक होत नाही.

Info पॅनेलमध्ये Lab आकडे लावले आणि Eyedropper चा Sample Size 31 by 31 Average केला, कारण एका पिक्सेलवर भरवसा ठेवता येत नाही. तिच्या गालाचा उजेड, म्हणजे L, 70 च्या आसपास होता, त्याच्या गालाचा 62. त्याच्यात लालपणा जास्त होता. आणि दाढीच्या जागी L 55 च्याही खाली, शिवाय लाल-पिवळेपणा दोन्ही घसरलेले. दाढी कितीही घोटून केली तरी त्वचेखालच्या केसांमुळे हा निळसर-राखाडी भाग राहतोच, आणि तो बाईच्या चेहऱ्यावर लगेच डोळ्यांत भरतो. एकच Curves लावून सगळा चेहरा उजळवला तर दाढीचा भागही उजळतो, पण त्याचा राखाडीपणा तसाच राहतो. त्यामुळे दोन्ही कामं वेगळी केली.

आधी संपूर्ण चेहऱ्याला, फक्त त्याच्या लेअरला लागू होईल असा Curves लावला. मधला भाग थोडा वर, लाल चॅनेल जरासा खाली, आणि गालाचे आकडे तिच्या कपाळाजवळ येईपर्यंत हे चालू ठेवलं. मग दाढी. त्यासाठी त्वचेचा रंग आणि त्वचेचा पोत वेगळे करावे लागतात. आतापर्यंतचे बदल धरून त्याच्या चेहऱ्याच्या दोन प्रती Rasterize करून घेतल्या. खालच्या प्रतीला Gaussian Blur दिला, रंध्रं आणि खुंट दिसेनासे होतील पण नाकाचा आकार टिकून राहील इतपतच. माझ्या फाइलच्या आकाराला 7 पिक्सेल पुरले. वरच्या प्रतीवर Apply Image मधून खालची प्रत वजा केली आणि लेअर Linear Light वर ठेवला. फाइल 16 बिटची होती, म्हणून Blending मध्ये Add, Invert वर खूण, Scale 2 आणि Offset 0. 8 बिटच्या फाइलला Subtract, Scale 2, Offset 128 लागतं. हे आकडे चुकले तर चेहरा लगेच करपल्यासारखा किंवा पांढुरका दिसतो, त्यामुळे ते वेळीच कळतं.

पोताच्या लेअरवर खुंटांचे काळे ठिपके Healing Brush नं काढले, नमुना गालाच्या वरच्या भागातून घेत. रंगाचं काम दोन्हींच्या मध्ये. एक रिकामा लेअर Color मोडवर ठेवला, गालावरचा उबदार रंग उचलला आणि वरचा ओठ, हनुवटी, जबड्याचा खालचा भाग यांवर मोठ्या मऊ ब्रशनं 10 टक्के Flow ठेवून थरावर थर दिला. राखाडीपणा गेला, पण उजेड कमीच होता, कारण Color मोड उजेडाला हात लावत नाही. म्हणून तेवढ्याच जागेला मास्क करून वेगळा Curves दिला. नाकाखालचा मधला खळगा जरा गडदच ठेवला. तो सपाट झाला की ओठाचा आकार हरवतो.

मऊ त्वचा म्हणजे ब्लर केलेली त्वचा, असं मला कधीच वाटलेलं नाही. तिच्या कपाळावर मेकअपखालीही बारीक रंध्रं दिसत होती. शेजारीच त्याचा गाल मेणासारखा केला असता तर जोड उघडा पडला असता. त्याच्या नाकावरची आणि गालांवरची रंध्रं मोठी होती. तिथे तिच्याच गालाच्या पोताचे तुकडे, तिच्या फोटोचाही पोत वेगळा काढून, त्याच्या पोताच्या लेअरवर क्लोन केले. रंग त्याचा, आकार त्याचा, पोत तिचा. प्रकाशाची दिशा सारखी असल्यामुळेच हे जमलं. नाहीतर रंध्रांच्या सावल्या उलट्या बाजूला पडतात आणि त्वचा देवीच्या व्रणांसारखी दिसते. डोळ्यांखालची घडी आणि ओठांच्या कडेची बारीक रेघ राहू दिली.

मेकअप मुद्दाम शेवटी ठेवला. तिच्या डोळ्यांचं लायनर उचलून त्याच्या डोळ्यांवर बसवता येत नाही, कारण ते तिच्या पापणीच्या वळणावर काढलेलं असतं. त्याच्या वरच्या पापणीच्या कडेनं Multiply मोडवर गडद तपकिरी रेघ काढली, नाकाकडे केसाएवढी आणि बाहेर जाताना थोडी जाड. मग तीच रेघ जराशी ब्लर केली, कारण मूळ फोटोतही पापणीची कड तितकी तीक्ष्ण नव्हती. पापण्यांचे केस एकेक काढले, मुळाशी जाड, टोकाला बारीक, आणि सगळे एकाच कोनात नाहीत. मधले वर, बाहेरचे बाहेर. खालच्या पापणीला फक्त किंचित गडदपणा दिला.

ओठांना मी सगळ्यात जास्त वेळ दिला. त्याचा वरचा ओठ पातळ, म्हणून Face-Aware Liquify मधला Upper Lip थोडासाच वाढवला. जास्त वाढवला की ओठ आणि त्यावरची त्वचा यांची कड पुसट होते. लिपस्टिकचा रंग तिच्या मूळ ओठांवरून घेतला, लेअर Multiply वर ठेवला आणि ऑपॅसिटी 40 च्या आसपास. असा रंग ओठांवरची ओली चमकही झाकतो आणि लिपस्टिक खडूसारखी कोरडी दिसते. त्यावर उपाय Layer Style मधला Blend If. Underlying Layer चा पांढरा त्रिकोण Alt दाबून दुभंगायचा आणि अर्धा डावीकडे ओढायचा. खालच्या चमकेचे ठिपके रंगातून हळूहळू वर येतात. ओठांची कड रंगवताना रंग एक-दोन पिक्सेल आतच थांबवला. बाहेर गेलेला रंग मोठ्या छपाईत लगेच दिसतो. गालांवर Soft Light मोडवर थोडी गुलाबी झाक, हाडाच्या वर, कानाच्या दिशेनं नेत.

शेवटी सगळ्यावर हलका, एकरंगी नॉइजचा लेअर दिला, म्हणजे दोन्ही फोटोंचं दाणेदारपण सारखं झालं. मग तपासणी. वरती Black & White चा तात्पुरता लेअर लावला तेव्हा डावा गाल मानेपेक्षा गडद असल्याचं दिसलं. रंगात ते दिसत नव्हतं. तो Curves नं ठीक केला. मग तो लेअर बंद करून Hue/Saturation च्या लेअरमधलं Saturation टोकापर्यंत वाढवून पाहिलं. हनुवटीखाली अजून हिरवट छटा होती, तीही काढली. कॅनव्हास आडवा उलटवला की डोळ्याची सवय मोडते आणि भुवया एका पातळीत आहेत का ते कळतं. आणि फोटो अंगठ्याएवढा लहान करून पाहिला, कारण पोस्टर रस्त्यापलीकडून तेवढंच दिसणार.

खरी चाचणी माणसांची. मित्राच्या धाकट्या भावाला काही न सांगता दाखवलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “हा दादाच आहे ना? पण याची बहीण असती तर अशीच दिसली असती.” अभिनेत्रीला विचारलं तर तिनं पहिल्यांदा स्वतःचं कानातलं ओळखलं, मग तिळाची जागा शोधली. तिचा तीळ मी मानेवर तसाच ठेवला होता.

नाक मात्र त्याचंच राहिलं आणि राहू दिलं. ते अरुंद करता आलं असतं, पण भुवया आणि नाक दोन्ही बदलली तर उरतं काय? अशा जोडणीत थेट समोरून किंवा अगदी थोडी वळलेली मान चालते. तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यात त्याचं भुवईचं हाड आणि जबडा बाजूनं दिसू लागले असते आणि ब्रशचं काम मग तिथे पुरत नाही.

छपाईआधी चार शायांचं सीएमवायके प्रूफ काढलं. पडद्यावर बरोबर वाटणारे ओठ कागदावर विटकरीकडे झुकले होते, आणि दाढीच्या जागेला काळ्या शाईमुळे पुन्हा किंचित राखाडी छटा आली होती. ओठांतली पिवळी शाई थोडी कमी केली, हनुवटीच्या भागातली काळी शाई आणखी थोडी उतरवली आणि दुसरं प्रूफ पाहून फाइल छापखान्यात दिली.